टिपणे कोणाकोणाला दिसतात? ‘प्रेझेंटर व्ह्यू’ची एक तपासणी

ओव्हरहेड प्रोजेक्टर ज्यांनी वापरला आहे, त्यांना पारदर्शिकेभोवतीची पुठ्ठ्याची चौकट आठवत असेल. अनेक शिक्षक या चौकटीवर पेन्सिलीने चार-दोन शब्द लिहून ठेवत. पुढे काय सांगायचे, कोणता प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर काय, असे ते शब्द असत. दिव्याचा प्रकाश पारदर्शिकेतून आरपार जाई, पुठ्ठ्यातून जात नसे. त्यामुळे चित्र भिंतीवर उमटे आणि टिपणे शिक्षकांपाशीच राहत. टिपणे झाकण्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे. पुठ्ठा अपारदर्शक होता, एवढे पुरेसे होते.

1987 साली पॉवरपॉइंट हा कार्यक्रम प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी आला, तेव्हा तो अशाच पारदर्शिका तयार करण्यासाठी होता. स्लाइडखाली वक्त्याची टिपणे लिहिण्याची सोय त्यात तेव्हापासून आहे. पण ती टिपणे कागदावर छापून हातात धरायची होती. पुढे संगणक थेट प्रोजेक्टरला जोडला जाऊ लागला आणि ‘प्रेझेंटर व्ह्यू’ नावाची सोय आली. भिंतीवर फक्त स्लाइड दिसावी आणि वक्त्याच्या स्वतःच्या पडद्यावर चालू स्लाइड, पुढची स्लाइड, घड्याळ आणि टिपणे दिसावीत, अशी ही योजना आहे. 2013 च्या आवृत्तीपासून दुसरा पडदा जोडलेला असला की ही सोय आपोआप सुरू होते. तिच्याकडून मिळणारे आश्वासन असे, की टिपणे खासगी राहतील. हे आश्वासन कितपत खरे आहे, ते या लेखात तपासून पाहू. आमचे मत आधीच सांगतो. टिपणे लपवण्याचे काम प्रेझेंटर व्ह्यू करतच नाही. तो फक्त दोन वेगळी चित्रे तयार करतो. त्यांपैकी कोणते चित्र कोणाकडे जाईल, हे इतरत्र ठरते, आणि घोळ होतो तो तिथेच.

एक पाठ, एक टिपण

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावच्या एखाद्या माध्यमिक शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणू. तालुका कापसाचा आहे, म्हणून शिक्षकांनी गुलाबी बोंडअळीच्या जीवनचक्रावर दहा स्लाइडचा पाठ तयार केला आहे. चौथ्या स्लाइडवर डोमकळीचे छायाचित्र आहे आणि खाली प्रश्न आहे : ‘हे फूल उमलले का नाही?’ त्या स्लाइडचे टिपण असे :

‘उत्तर लगेच सांगू नये. अळी आतून पाकळ्या धाग्यांनी विणून टाकते, म्हणून फूल मिटलेले राहते. बोंडात शिरलेल्या लहान अळीचे छिद्रही बुजते, त्यामुळे बोंड बाहेरून निरोगी दिसते. हे मुलांकडून काढून घ्यावे. दुसऱ्या बाकावरील मुलीच्या घरचा कापूस गेल्या हंगामात बोंडअळीने गेला. तिला शेताबद्दल थेट विचारू नये.’

या टिपणातील पहिला भाग पडद्यावर दिसला तर प्रश्नातली गंमत जाईल. नुकसान तेवढ्यापुरते. शेवटची दोन वाक्ये दिसली तर मात्र एका मुलीच्या घरची गोष्ट साऱ्या वर्गासमोर येईल, तीही शिक्षकांनीच लिहिलेली. चांगल्या शिक्षकाच्या टिपणांत अशी वाक्ये असतातच, आणि असायला हवीत. म्हणूनच ती कुठे दिसतात, हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही.

नक्कल आणि विस्तार

लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला की संगणकापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग नकलेचा. जे लॅपटॉपच्या पडद्यावर, तेच भिंतीवर. दुसरा विस्ताराचा. या मार्गात संगणक दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवलेल्या एका मोठ्या टेबलासारखे धरतो. लॅपटॉपचा पडदा 1366 × 768 बिंदूंचा आणि प्रोजेक्टर 1024 × 768 बिंदूंचा असेल, तर हे टेबल 2390 बिंदू रुंद होते. डावीकडचे 1366 बिंदू शिक्षकांना दिसतात, उजवीकडचे 1024 भिंतीवर जातात. एखादी खिडकी उजवीकडे ओढत नेली तर ती अर्धी लॅपटॉपवर आणि अर्धी भिंतीवर दिसते. विद्यार्थ्यांना हा प्रयोग जरूर करून दाखवावा. दोन पडदे म्हणजे एकाच पृष्ठभागाचे दोन तुकडे, हे त्यातून पटकन कळते.

प्रेझेंटर व्ह्यू या विस्ताराचा फायदा घेतो. स्लाइडची खिडकी उजव्या तुकड्यावर आणि टिपणांची डाव्या तुकड्यावर तो पूर्ण पसरून ठेवतो. भिंतीकडे फक्त उजवा तुकडा जातो, म्हणून टिपणे भिंतीवर दिसत नाहीत. या योजनेत पुठ्ठ्याची जागा कोणी घेतली असेल, तर ती विस्ताराने. नकलेच्या मार्गात असा पुठ्ठाच नसतो.

नकलेच्या मार्गात काय होते ते नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेक फजिती तिथे होते. संगणकाच्या लेखी तेव्हा पडदा एकच असतो. स्लाइड शो सुरू केला की दोन्हीकडे फक्त स्लाइड दिसते. टिपणे कोणालाच दिसत नाहीत, शिक्षकांनाही नाहीत. म्हणजे इथवर गुपित फुटलेले नसते. ते फुटते पुढच्या पावलाला. टिपणे कुठे गेली म्हणून शिक्षक गोंधळतात, स्लाइडवर माउसचे उजवे बटण दाबतात आणि यादीतील `Show Presenter View` निवडतात. संगणक सांगितलेले काम करतो आणि टिपणे लॅपटॉपवर आणतो. भिंत लॅपटॉपची नक्कल करत असल्यामुळे ती भिंतीवरही येतात. `Alt + F5` या कळांनीही हेच घडते. एका पडद्यावर प्रेझेंटर व्ह्यूचा सराव करण्यासाठी असलेली ही सोय वर्गात नेमकी उलटी पडते.

दुसरी धोक्याची वेळ पाठ संपतानाची. `Esc` दाबून स्लाइड शो बंद केला की पॉवरपॉइंटची नेहमीची खिडकी समोर येते. त्या खिडकीत स्लाइडखाली टिपणांचा कप्पा उघडा असेल, तर नकलेच्या मार्गात तो भिंतीवर चार फूट रुंद दिसतो. विस्ताराच्या मार्गात मात्र भिंतीवर नुसती रिकामी पार्श्वभूमी उरते.

काही लॅपटॉपवर स्लाइड शो सुरू होताच पॉवरपॉइंट नक्कल मोडून आपण होऊन विस्तार करते. तशी एक निवड त्याच्या मांडणीत आहे. पण ती प्रत्येक यंत्रावर चालू असेलच असे नाही, आणि शाळेतला लॅपटॉप अनेकांच्या हातांतून जातो. तिच्यावर विसंबून राहू नये.

वर्गातील क्रम

आता तोच पाठ प्रत्यक्ष लावू. आधी केबल जोडावी आणि प्रोजेक्टर सुरू करावा. लॅपटॉपला नवे एचडीएमआय तोंड आणि प्रोजेक्टरला जुने व्हीजीए तोंड असेल, तर मध्ये रूपांतरक लागतो. एक संकेत अंकीय आणि दुसरा सदृश असल्यामुळे नुसती केबल पुरत नाही. मग विंडोजची कळ आणि `P` एकत्र दाबाव्यात. चार पर्याय येतात, त्यांतला `Extend` निवडावा. विस्तार झाला की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. माउसचा बाण लॅपटॉपच्या उजव्या कडेवरून पुढे ढकलावा. तो नाहीसा होऊन भिंतीवर अवतरला, तर विस्तार झाला. बाण दोन्हीकडे एकदम दिसत असेल, तर अजून नक्कलच आहे.

त्यानंतर पॉवरपॉइंटच्या `Slide Show` या पट्टीवर `Use Presenter View` समोर खूण आहे का ते पाहावे आणि `Monitor` या यादीत प्रोजेक्टर निवडावा. `F5` दाबून शो सुरू करावा. कधी कधी दोन्ही चित्रांची अदलाबदल होते. टिपणे भिंतीवर जातात आणि स्लाइड लॅपटॉपवर येते. अशा वेळी प्रेझेंटर व्ह्यूमधील `Display Settings` उघडून `Swap Presenter View and Slide Show` निवडावे. पण तोपर्यंत टिपणे भिंतीवर झळकून गेलेली असतात. म्हणून ही सारी जुळवणी मुले वर्गात येण्यापूर्वी करावी, किंवा प्रोजेक्टरच्या भिंगावर झाकण ठेवून करावी. हे झाकण म्हणजे आपला जुना पुठ्ठाच, आणि तो कोणत्याही मांडणीवर अवलंबून नाही.

इथे या सोयीच्या रचनेवर आमचा मुख्य आक्षेप येतो. टिपणे ज्या पडद्यावर दिसत आहेत तो पडदा आणखी कोणाला दिसत आहे, हे प्रेझेंटर व्ह्यू कुठेही सांगत नाही. ‘हा पडदा फक्त तुमच्यासाठी आहे’ किंवा ‘या पडद्याची नक्कल बाहेर जात आहे’, अशी एखादी ओळ वरच्या कोपऱ्यात असती, तर बऱ्याच फजिती टळल्या असत्या. विस्तारात दिसणारा प्रेझेंटर व्ह्यू आणि नकलेत दिसणारा प्रेझेंटर व्ह्यू वक्त्याच्या डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. एक सुरक्षित, दुसरा उघडा. फरक कळायला मान वळवून भिंतीकडे पाहावे लागते.

अनेक शाळांत आता प्रोजेक्टरऐवजी मोठा स्पर्शपडदा आला आहे. काही पडद्यांत संगणक आतच बसवलेला असतो. पेनड्राइव्ह लावून फाइल थेट त्यावर उघडली, तर दुसरा पडदा अस्तित्वातच नसतो. प्रेझेंटर व्ह्यूने तिथे काहीच साधत नाही, शिवाय फाइल पडद्याच्या संगणकात उतरवून घेतली असेल तर टिपणांसकट मागे राहते. अशा ठिकाणी आपला लॅपटॉप केबलने जोडून विस्तार करावा, किंवा टिपणे नसलेली प्रत न्यावी.

दूरच्या वर्गासाठी

2020 सालच्या टाळेबंदीत शिक्षक घरून शिकवू लागले, तेव्हा या प्रश्नाला दुसरे वळण लागले. वर्गात मान वळवली की भिंत दिसते. गूगल मीट किंवा झूमवर मुलांच्या फोनवर काय उमटले आहे, ते शिक्षकांना दिसत नाही.

स्लाइड दाखवताना हे कार्यक्रम साधारणपणे विचारतात, की पूर्ण पडदा दाखवायचा, एक खिडकी दाखवायची, की ब्राउझरमधील एक पान. राळेगावच्या आपल्या शिक्षकांकडे लॅपटॉपखेरीज एक जुना मॉनिटर आहे असे समजू. मग उत्तम मार्ग असा. मॉनिटर जोडून `Extend` करावे. स्लाइड शो आधी सुरू करावा, म्हणजे मॉनिटरवर स्लाइड आणि लॅपटॉपवर टिपणे येतील. त्यानंतर मीटमध्ये पूर्ण पडद्याचा पर्याय उघडावा. तिथे दोन पडद्यांची दोन छोटी चित्रे दिसतात. शो आधीच सुरू असल्याने कोणते चित्र स्लाइडचे आणि कोणते टिपणांचे, हे डोळ्यांनी ओळखता येते. स्लाइडचे चित्र निवडावे. शो सुरू करण्यापूर्वी निवड केली, तर एका चित्रात पॉवरपॉइंटची खिडकी आणि दुसऱ्यात रिकामी पार्श्वभूमी असते. घाईत हात ओळखीच्या चित्रावर, म्हणजे नको त्या चित्रावर जातो.

खिडकी दाखवण्याचा पर्याय वरकरणी अधिक सुरक्षित वाटतो, पण त्यात एक खाच आहे. स्लाइड शो ही पॉवरपॉइंटची वेगळी, नवी खिडकी असते. शिक्षकांनी काम करण्याची खिडकी निवडली आणि नंतर शो सुरू केला, तर काही जुळण्यांत चित्र शोबरोबर पुढे सरकते आणि काहींत जुन्या खिडकीवरच थांबून राहते. त्या जुन्या खिडकीत टिपणांचा कप्पा उघडा असला, तर शिक्षक आपल्या पडद्यावर स्लाइड पाहत बोलत राहतात आणि मुले टिपणे वाचत राहतात.

मॉनिटर नसेल आणि पडदा एकच असेल, तर पूर्ण पडदा दाखवताना प्रेझेंटर व्ह्यू उघडूच नये. तो उघडला की टिपणे जाणारच. त्याऐवजी `Set Up Slide Show` मध्ये `Browsed by an individual (window)` हा पर्याय निवडावा. मग स्लाइड शो पूर्ण पडदा न व्यापता एका खिडकीत चालतो आणि तेवढी खिडकी दाखवता येते. टिपणांसाठी छपाईच्या पर्यायांत `Notes Pages` निवडून स्लाइडसह टिपणे कागदावर छापून घ्यावीत. गूगल स्लाइड्सची रचना या बाबतीत अधिक समजूतदार आहे. तिथला `Presenter view` टिपणे वेगळ्या छोट्या खिडकीत उघडतो. ब्राउझरमधील स्लाइडचे पान तेवढे दाखवले, तर पडदा एकच असूनही टिपणे बाहेर जात नाहीत, कारण त्या पानाबाहेरचे काहीच पाठवले जात नाही.

यातली कोणतीही जुळणी बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची खात्रीची परीक्षा एकच. आपला किंवा घरातला दुसरा फोन घेऊन त्याच वर्गात विद्यार्थ्यासारखे शिरावे. त्याचा माइक आणि आवाज बंद ठेवावा, नाहीतर आवाज घुमून कर्कश शिट्टी वाजते. मग त्या फोनवर काय दिसते ते पाहावे. शो सुरू करताना, चालू असताना आणि `Esc` दाबल्यावर, अशा तिन्ही वेळी पाहावे. फोनवर दिसते ते मुलांना दिसते.

एका कुतूहलाच्या गोष्टीचाही उल्लेख करतो. 2022 साली संशोधकांनी चष्म्याच्या काचांवर पडणाऱ्या संगणकाच्या प्रतिबिंबातून मजकूर वाचता येतो का, हे तपासले. प्रयोगशाळेतील नियंत्रित स्थितीत, साध्या 720 रेषांच्या कॅमेऱ्यानेही पडद्यावरील 10 मिलिमीटर उंचीची अक्षरे 75 टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता आली. आपल्या टिपणांची अक्षरे सहसा याहून लहान असतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण प्रेझेंटर व्ह्यूमध्ये अक्षरे मोठी करण्याचे बटण आहे. चष्मा लावून कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्यांनी ते दाबताना एवढे लक्षात असू द्यावे.

पाठ संपल्यावर

आतापर्यंत आपण प्रकाशाने जाणाऱ्या चित्राचा विचार केला. पाठ संपला की मुले आणि सहकारी म्हणतात, ‘सर, स्लाइड पाठवा ना.’ फाइल व्हॉट्सअॅपच्या गटावर जाते, आणि तिच्याबरोबर सगळी टिपणेही जातात. पाठ चालू असताना कितीही काळजी घेतलेली असो, इथे ती संपूर्ण वाया जाते. ज्याला फाइल मिळेल, त्याने ती संगणकावर उघडून टिपणांचा कप्पा वर ओढला की झाले.

हे विद्यार्थ्यांना प्रयोगाने दाखवता येईल. `.pptx` फाइल म्हणजे खरे तर अनेक लहान फायलींचे बांधलेले गाठोडे असते. तिच्या एका प्रतीच्या नावाचा शेवट बदलून `.zip` करावा आणि ती उघडावी. आत टिपणांचा वेगळा कप्पाच सापडतो :

```
ppt/notesSlides/notesSlide1.xml
```

ही फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडली तरी खुणांच्या जंजाळात आपली वाक्ये जशीच्या तशी वाचता येतात. त्यांना कुलूप नाही आणि सांकेतिक लिपीही नाही.

म्हणून वाटायची प्रत वेगळी करावी. मूळ फाइलची नक्कल काढावी. त्या नकलेत `File`, मग `Info`, `Check for Issues` आणि `Inspect Document` असे जावे. तपासणीच्या यादीत `Presentation Notes` सापडले की त्यासमोरील `Remove All` दाबावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे पीडीएफ करून पाठवणे. पीडीएफ करताना फक्त स्लाइड निवडल्या आहेत ना, हे तेवढे पाहावे. `Notes pages` निवडले तर टिपणेही छापली जातात. पाठवण्यापूर्वी फाइल एकदा उघडून चौथे पान पाहावे. डोमकळीखाली फक्त प्रश्न असेल, तर पाठवावी.

आमचा अभिप्राय

प्रेझेंटर व्ह्यू उपयोगी आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पुढची स्लाइड आधी दिसणे आणि घड्याळ समोर असणे, एवढ्यासाठीही तो वापरावा. पण ‘खासगी टिपणे’ हे त्याचे वर्णन अर्धवट आहे. दोन पडदे असतील, त्यांत विस्तार असेल, योग्य पडदा बाहेर जात असेल आणि फाइल नंतर वाटली जाणार नसेल, अशा चार अटी पाळल्या तरच ते खरे ठरते. यांतली एकही अट तो स्वतः तपासत नाही, आणि मोडली तर इशाराही देत नाही. गावातल्या शाळेत एक लॅपटॉप चार शिक्षकांत फिरतो, मांडणी रोज बदललेली असते आणि तास सुरू व्हायला दोनच मिनिटे उरलेली असतात. तिथे चार अटी रोज जुळतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

त्यामुळे टिपणांची दोन भागांत विभागणी करावी, असे आम्ही सुचवतो. पाकळ्या कशाने विणल्या जातात, छिद्र का दिसत नाही, मुलांकडून काय काढून घ्यायचे, हे सारे स्लाइडखाली लिहावे. ते चुकून दिसले तरी बिघडणार नाही. दुसऱ्या बाकावरील मुलीबद्दलची दोन वाक्ये मात्र संगणकात लिहूच नयेत. ती शिक्षकांच्या वहीत असावीत किंवा मनात.